बिलात १८ रुपये नफा, हातात ३ रुपये तोटा: सिमेंटच्या एका गोणीचा प्राइस वॉटरफॉल कसा मांडायचा

नाशिकमधल्या एका बांधकाम साहित्याच्या दुकानाचे हिशेब मी बघतो. अंबडजवळ गोडाऊन, सिमेंट, सळई आणि थोडं टाइल ॲडहेसिव्ह असा माल. दुकानाच्या मालकांचा एक प्रश्न दर तिमाहीला ठरलेला असायचा: "बिलावर गोणीमागे १८ रुपये सुटतायत, वर कंपनीची स्कीम वेगळी. मग बँकेचं ओडी कर्ज का खाली येत नाही?" त्याचं उत्तर शोधण्यासाठी आम्ही एका ठेकेदाराची एका महिन्याची सगळी बिलं घेतली आणि छापील दरापासून प्रत्यक्ष हातात पडलेल्या दरापर्यंत एकेक पायरी उतरत गेलो. या मांडणीला प्राइस वॉटरफॉल म्हणतात. ती कशी करायची ते याच उदाहरणातून सांगतो. ओळख पटू नये आणि समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत, पण गळती जिथे सापडली त्या जागा खऱ्या आहेत.

सिमेंट मुद्दाम घेतलं. टाइल्समध्ये छापील दर आणि विक्री दर यांत एवढं अंतर असतं की दहावीस रुपयांची गळती डोळ्यांत भरत नाही. सिमेंटमध्ये गोणीमागे दोन रुपये इकडेतिकडे झाले तरी महिन्याचा निकाल बदलतो.

आधी तीन दर ठरवा

पहिला दर म्हणजे तुमचं स्वतःचं रेट कार्ड. गोणीवर छापलेली एमआरपी इथे घेऊ नका. तिच्यापासून सुरुवात केली तर पहिलीच पायरी अवाढव्य दिसते आणि तिचा अर्थ काहीच लागत नाही, कारण त्या भावाने माल विकण्याचा तुमचा विचारच नसतो. अनोळखी गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "गोणी कितीला?" विचारतं तेव्हा तुम्ही जो गोडाऊनवरचा भाव सांगता, तो पहिला दर. आमच्या उदाहरणात तो जीएसटीसह ३५४ रुपये होता.

दुसरा बिलातला दर. तिसरा हातात पडणारा दर, म्हणजे बिलानंतर त्याच गोणीसाठी केलेले सगळे खर्च आणि दिलेल्या सगळ्या सवलती वजा जाता उरणारी रक्कम. मालकांना पहिले दोन तोंडपाठ असतात. तिसरा कुठेच लिहिलेला नसतो, कारण त्याचे तुकडे वाहनाच्या डायरीत, हमालीच्या वहीत, क्रेडिट नोटच्या फाइलमध्ये आणि बँकेच्या व्याजात विखुरलेले असतात.

तिन्ही दर जीएसटी वगळून मांडा. कंपनीला भरलेला कर तुम्ही क्रेडिटमध्ये घेता आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला सरकारला भरता, त्यामुळे तो तुमच्या भावाचा भाग नाही. शिवाय सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची बिलं करासह शेजारी ठेवली तर भाव पडल्यासारखा दिसेल आणि तुलना वाया जाईल. १८ टक्क्यांच्या हिशेबाने ३५४ चे करविरहित ३०० रुपये होतात. इथून पुढचे आकडे, जिथे वेगळं सांगितलं आहे ते सोडून, करविरहित आहेत.

माहिती कुठून काढायची

एक महिना पुरतो. टॅलीतून विक्रीचं रजिस्टर एक्सेलमध्ये घ्या आणि एका ओळीत एक बिल ठेवा. बिल नंबर, तारीख, गिऱ्हाईक, गोण्या, बिलातला दर एवढं आयतं मिळतं. पैसे कोणत्या तारखेला आले हे मात्र त्या गिऱ्हाइकाचं खातं बिल-वाइज ठेवलेलं असेल तरच कळतं. ठेकेदार दर शनिवारी पन्नास हजार "खात्यावर" टाकत असेल आणि तुम्ही ती रक्कम कोणत्याच बिलाला लावत नसाल, तर सर्वांत जुन्या बिलापासून क्रमाने जमा लावत या. थोडं किचकट आहे, पण उधारीचे खरे दिवस दुसऱ्या कोणत्याही मार्गाने निघत नाहीत.

खरी अडचण भाड्याची. टॅलीत भाड्याचं एकच खातं असतं आणि महिनाअखेरीला तिथे एक मोठा आकडा दिसतो. तो कोणामुळे झाला हे कळत नाही. आम्ही एकच नियम केला: ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर खेप नंबर आणि बिल नंबर लिहिल्याशिवाय भाडं द्यायचं नाही. हमालीच्या वहीतही तसंच. पहिले दहा दिवस कुरकुर झाली, मग सवय लागली.

एका खेपेत दोन गिऱ्हाइकांचा माल गेला तर भाडं गोण्यांच्या प्रमाणात वाटा. D मध्ये गोण्या, H मध्ये खेपेचं पूर्ण भाडं आणि I मध्ये खेप नंबर असेल, तर गोणीमागचं भाडं असं निघतं:

```
=H2/SUMIF(I:I,I2,D:D)
```

सगळं भरून झालं की ताळा करा. तुमच्या तक्त्यातल्या गोणीमागचं भाडं गुणिले गोण्या याची बेरीज आणि टॅलीतल्या भाड्याच्या खात्याची बेरीज जुळली पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वेळी तक्ता कमी भरला. शोधल्यावर कळलं की संध्याकाळी घाईत पाठवलेल्या पिकअपचं भाडं गल्ल्यातून रोख दिलं होतं आणि ते कोणत्याही बिलाशी जोडलेलंच नव्हतं. त्यातल्या बहुतेक खेपा याच ठेकेदाराच्या होत्या.

एका ठेकेदाराची एक गोणी

ठेकेदाराची दोन कामं चालू होती, एक पाथर्डी फाट्याजवळ आणि एक इंदिरानगरला. महिन्याला ६०० गोण्या, दुकानाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. मोठी खरेदी म्हणून बिलातच १० रुपये कमी, म्हणजे २९० रुपये, आणि तेही साइटवर पोच. कंपनीकडून माल गोडाऊनपोच २७२ रुपयांना पडतो. २९० वजा २७२, हेच ते मालकांचे १८ रुपये.

आता बिलानंतरच्या पायऱ्या बघा.

सात दिवसांत पैसे दिले तर गोणीमागे ३ रुपये रोख सवलत, असं ठरलं होतं. पैसे सरासरी ४८ दिवसांनी आले. तरीही हिशेब करताना ठेकेदाराने ते ३ रुपये कापून चेक दिला आणि दुकानाने तो घेतला. असं वर्षभर चाललं होतं. ही सवलत अटीची राहिलीच नव्हती, ती भावाचाच भाग झाली होती.

तिमाहीत ठरलेल्या गोण्या उचलल्या की गोणीमागे ४ रुपयांची क्रेडिट नोट. ती पुढच्या तिमाहीत निघते, त्यामुळे ज्या महिन्यात माल गेला त्या महिन्याचा नफा फुगलेला दिसतो. वॉटरफॉलमध्ये हे ४ रुपये माल गेला त्याच महिन्यात धरा, नोट निघाली असो वा नसो. क्रेडिट नोट जीएसटी धरून निघते की न धरता, हे सीएंना विचारून घ्या. जीएसटी न धरता निघत असेल तर पूर्ण ४ रुपये तुमच्या खिशातून जातात. "करासह ४ रुपये" असं ठरलं असेल आणि नोट जीएसटीसह निघत असेल, तर करविरहित गळती ३ रुपये ३९ पैसे धरायची. आमच्याकडे नोट जीएसटीशिवाय होती, म्हणून पूर्ण ४.

मग भाडं, आणि इथे आम्ही दोघंही थांबलो. ६०० गोण्यांपैकी ३०० आयशरने गेल्या, प्रत्येकी १०० गोण्यांच्या तीन खेपा, खेपेला १,२०० रुपये. म्हणजे गोणीला १२ रुपये. उरलेल्या ३०० गोण्या मात्र पिकअपने, तीस-तीस करून, दहा खेपांत गेल्या. "शेठ, तीसच टाका आत्ता, प्लास्टरवाले थांबलेत," असे फोन दर दोनतीन दिवसांनी यायचे. ३० गोण्या म्हणजे दीड टन. पिकअपचं भाडं ६०० रुपये, म्हणजे गोणीला २० रुपये. एकूण भाडं ३,६०० आणि ६,००० मिळून ९,६००, म्हणजे सरासरी १६ रुपये. अंतर तेच, रस्ता तोच, फरक फक्त गाडीत किती गोण्या होत्या एवढाच.

हमालीचे ४ रुपये: गोडाऊनवरची भराई २, साइटवरची उतराई २. "पोच" या शब्दात उतराई येते की नाही हे कधी बोललंच गेलं नव्हतं, म्हणून ती आपोआप दुकानाच्या अंगावर आली.

उधारीचं व्याज पूर्ण बिलाच्या रकमेवर, म्हणजे जीएसटीसह धरा, कारण अडकलेली रक्कम तेवढी असते आणि कर वेळेवर भरावाच लागतो. दुकानाच्या ओडीचा दर ११ टक्के. B मध्ये बिलाची तारीख, E मध्ये बिलातला दर आणि G मध्ये पैसे आल्याची तारीख असेल तर:

```
=E2*1.18*0.11*(G2-B2)/365
```

४८ दिवसांचे ४ रुपये ९५ पैसे येतात, आपण ५ धरू. शेवटी फाटलेल्या आणि पावसात दगड झालेल्या गोण्या बदलून दिल्या त्याचा १ रुपया. इगतपुरी, त्र्यंबककडे माल देणाऱ्यांनी पावसाळ्याचे महिने वेगळे मांडावेत, तिथे हा आकडा एवढा लहान राहत नाही.

| पायरी | गोणीमागे रुपये |
|---|---|
| रेट कार्ड | ३०० |
| बिलातली सवलत | −१० |
| बिलातला दर | २९० |
| रोख सवलत | −३ |
| तिमाही स्कीम | −४ |
| भाडं | −१६ |
| हमाली | −४ |
| उधारीचं व्याज | −५ |
| फाटक्या व खराब गोण्या | −१ |
| हातात पडणारा दर | २५७ |

बिलावर दिसणारी सवलत १० रुपये. बिलाबाहेरची ३३.

खरेदीची बाजूही तशीच उतरवावी लागते. कंपनीकडून २७२ ला आलेल्या मालावर रोख भरणा ४, तिमाही टार्गेट ४ आणि वार्षिक ४ असे १२ रुपये मागून मिळतात. निव्वळ खरेदी २६०. हातात पडणारे २५७. म्हणजे कंपनीची सगळी स्कीम धरूनही गोणीमागे ३ रुपये तोटा, आणि दुकानाचं भाडं, पगार, वीज यातलं काहीच अजून वजा केलेलं नाही. वॉटरफॉलमध्ये ते खर्च आणू नका. गिऱ्हाईक बदललं म्हणून जो खर्च बदलतो तोच इथे येतो.

खरेदीच्या स्कीमबद्दल मी कडक आहे. ज्याची क्रेडिट नोट हातात आली आहे किंवा ज्याचं परिपत्रक आहे तेवढंच धरा. विक्री अधिकारी तोंडी "वर्षाखेरीला बघू" म्हणाला असेल तर ते शून्य धरा. तोंडी शब्दाच्या भरवशावर गिऱ्हाइकाला आधीच भाव सोडून दिलेला असतो, आणि नंतर स्कीम बदलली की तो परत मिळवता येत नाही.

दुसरं गिऱ्हाईक शेजारी ठेवा

एकट्या वॉटरफॉलवरून फार काही ठरवता येत नाही. म्हणून त्याच महिन्यात मखमलाबादला बंगला बांधणाऱ्या एका कुटुंबाला गेलेल्या १२० गोण्या शेजारी मांडल्या. दर २९५. गाडीभाडं त्यांनी परस्पर ड्रायव्हरला दिलं, उतराई त्यांच्या माणसांनी केली, पैसे माल उतरताच यूपीआयने आले. दुकानाचा खर्च भराईचे २ रुपये आणि ज्या मिस्त्रीने त्यांना दुकानात आणलं त्याला गोणीमागे ५ रुपये. मिस्त्रीचं कमिशन बहुतेक ठिकाणी किरकोळ खर्चात लपतं, ते त्या त्या बिलाला लावायला विसरू नका. हातात पडले २८८, म्हणजे गोणीमागे २८ रुपये सुटले.

बिलात दोघांच्या दरात फरक ५ रुपयांचा. हातात फरक ३१ रुपयांचा. १२० गोण्यांनी ३,३६० रुपये दिले, ६०० गोण्यांनी १,८०० रुपये नेले.

मग ठेकेदाराला सोडायचं का?

मालकांनी तेच म्हटलं, आणि इथेच बरेच जण घाई करतात. कंपनीचं तिमाही टार्गेट ६,००० गोण्यांचं होतं आणि दुकान जेमतेम तेवढंच गाठत होतं. त्यात या ठेकेदाराच्या १,८०० गोण्या. तो गेला तर उरलेल्या ४,२०० गोण्यांवरचे टार्गेटचे ४ रुपयेही जातात, म्हणजे १६,८०० रुपये. त्याच्यामुळे तिमाहीत होणारा तोटा गोणीला ३ रुपयांनी ५,४००. म्हणजे तोट्यात असूनही तो दुकानाला ११,४०० रुपयांनी फायद्याचा होता.

हा हिशेब टार्गेट अगदी काठावर असतानाच चालतो. दुकान त्याच्याशिवायही ६,००० गाठत असेल किंवा त्याच्यासह ५,००० वरच अडकत असेल, तर तो तर्क लागूच होत नाही. आणि टार्गेटसाठी तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात भाव पाडून माल ढकलण्यापूर्वी हे बघा की तोच भाव पुढच्या तिमाहीत ठेकेदार हक्काने मागणार आहे.

त्यामुळे आम्ही ठरवलं की त्याचा भाव वाढवायचा नाही, गळती बुजवायची. सुरुवात भाड्यापासून, कारण सगळ्यात मोठी पायरी तीच होती. १०० गोण्या एकदम घ्या म्हटल्यावर त्याची अडचण खरी निघाली: साइटवर कोरडी जागा नव्हती. मग उपाय त्याच्याच दोन साइट्समध्ये सापडला. एकाच आयशरमध्ये १०० गोण्या भरायच्या, ५० पाथर्डी फाट्याला आणि ५० इंदिरानगरला उतरवायच्या. दोन ठिकाणी थांबण्याचे २०० धरून खेप १,४०० ला, म्हणजे गोणीला १४. पूर्वी पिकअपने जाणाऱ्या ३०० गोण्या २० ऐवजी १४ ला गेल्या आणि सरासरी भाडं १६ वरून १३ वर आलं. त्याउपर मधेच तीस गोण्या हव्या असतील तर पिकअपचं भाडं त्याने द्यायचं. हे बिलात वेगळ्या ओळीत लिहायचं, दरात मिसळायचं नाही.

दुसरं, रोख सवलत. ती बिलातून आणि हिशेबातून काढली. पैसे सात दिवसांत जमा झाले तरच त्यानंतर क्रेडिट नोट. मालकांना भीती होती की तो चिडेल. पण खरोखर सात दिवसांत पैसे आले तर सवलत देणं दुकानालाही परवडतं, हे आकड्यांनी दाखवलं: व्याज ५ रुपयांवरून सुमारे ७० पैशांवर येतं, म्हणजे ३ रुपये देऊन ४ रुपये वाचतात. वाईट होती ती अट मोडूनही दिली जाणारी सवलत.

भाड्याचे ३ आणि रोख सवलतीचे ३ मिळून उणे ३ चे अधिक ३ झाले. उतराईचे २ रुपये त्याच्यावर टाकावेत असं मला वाटत होतं. मालक म्हणाले, "एका वेळी दोनच गोष्टी मागू." ते बरोबर होते असं मला आता वाटतं.

चित्र काढताना आणि वाचताना

एक्सेल २०१६ किंवा त्यापुढचं असेल तर दोन कॉलममध्ये वरचा तक्ता इंग्रजी आकड्यांत लिहा, वजाबाकीचे आकडे उणे ठेवा, निवडा आणि Insert मधून Waterfall चार्ट घ्या. मग रेट कार्ड, बिलातला दर आणि हातात पडणारा दर या तीन खांबांवर एकेकदा राइट-क्लिक करून Set as total करा. हे विसरलात तर २९० हा खांब ३०० वजा १० च्या वर रचला जातो आणि चित्र आकाशाला भिडतं.

सरासरी काढताना एक चूक हमखास होते. बिलांच्या भाड्याची सरळ सरासरी घेऊ नका. आमच्या उदाहरणात १२ रुपयांची तीन आणि २० रुपयांची दहा बिलं होती. त्यांची सरळ सरासरी १८ रुपयांच्या वर जाते, खरा आकडा १६ आहे. आधी सगळ्या रुपयांची बेरीज, सगळ्या गोण्यांची बेरीज, मग भागाकार.

दुसरी चूक म्हणजे तीच सवलत दोनदा मोजणं. रोख सवलत काही बिलांत दरातच कापलेली आणि काहींत नंतर क्रेडिट नोटने दिलेली असते. हातात पडणारा दर खरेदीपेक्षा खूपच खाली दिसला, म्हणजे १५-२० रुपयांनी, तर आधी हीच शंका घ्या आणि त्या गिऱ्हाइकाचं खातं उघडून एकेक नोट बिलाला लावा.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही पहिल्या दहा गिऱ्हाइकांचा हातात पडणारा दर एका कागदावर काढतो. दुकानातला मुलगा फोनवर भाव सांगताना तोच कागद समोर ठेवतो, आणि "तीस टाका" म्हणणाऱ्याला आधी विचारतो, "दादा, दुसऱ्या साइटवर किती लागतील?"